दादू वाचतो छान, पण सांगत नाही

घरी आम्ही त्याला दादू म्हणतो. खरं नाव लिहीत नाही, मोठा झाला की त्याला ते आवडणार नाही. आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळा इंग्रजी माध्यमाची. त्याला छान वाचता येतं पण वाचलेलं कळत नाही, हे सगळं सुरू झालं तेव्हा दादू तिसरीत होता, आठ वर्षांचा.

17 सप्टेंबर 2024 ला अनंत चतुर्दशी होती. काकाच्या खांद्यावर बसून त्याने रात्री उशिरापर्यंत गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे चित्ररथ, पाहिले. सकाळी आजीने विचारलं, “काय काय पाहिलंस रे?” तो म्हणाला, “लाइट.” “आणि?” “खूप लाइट.” आम्ही हसलो. झोप झाली नसेल, असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात सहामाहीचा हिंदीचा पेपर घरी आला. अपठित गद्यांशात दहापैकी दोन मार्क. प्रश्न होता, ‘किसान दुखी क्यों था?’ दादूने लिहिलं होतं, ‘किसान दुखी था और पेड़ के नीचे बैठ गया।’ अक्षर सुरेख, एकही मात्रा चुकलेली नाही. बाकीची उत्तरंही तशीच होती. प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तो ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य उतरवायचं. खाली बाईंचा शेरा, ‘पढ़ता अच्छा है, ध्यान नहीं देता।’ आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं की त्या पेपरात सगळं दिसत होतं, फक्त ते ओळखता आलं नाही. तुमच्या मुलाच्या वहीत अशी उतरवलेली उत्तरं दिसली तर वह्या जपून ठेवा. पुढे डॉक्टरांना माझ्या वर्णनापेक्षा त्या वह्यांचाच जास्त उपयोग झाला.

ओळखता का आलं नाही, तर तो वाचायचा फार छान. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या पट्ट्या, लग्नपत्रिका, काहीही समोर ठेवा, घडाघडा. पाहुणे कौतुक करायचे आणि मीही फुलून जायचे. एक गोष्ट लक्षातच आली नाही. देवनागरी बरीचशी जशी लिहिली तशीच वाचायची असते. मात्रा आणि जोडाक्षरं जमली की अर्थ कळो न कळो, आवाज बरोबर निघतो. मी स्वतः संस्कृत स्तोत्रं अशीच म्हणते. हिंदीत दादूचंही तेच चाललं होतं.

ऑक्टोबरमध्ये मी दोन चुका केल्या. पहिली, धडा समजला नाही तर त्याला तो दहा वेळा मोठ्याने वाचायला लावला. दुसरी, महिना 1500 रुपयांची शिकवणी लावली. तिथे प्रश्नोत्तरं पाठ करून घेत. दादूची स्मरणशक्ती चांगली आहे, त्यामुळे घटक चाचणीत आठ मार्क पडले आणि दिवाळी आनंदात गेली. नोव्हेंबरमध्ये बाईंनी त्याच धड्यावर प्रश्न जरा फिरवून विचारले, तेव्हा पुन्हा शून्य. दोन महिन्यांनी शिकवणी बंद केली.

11 नोव्हेंबरला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. बोलायला कधी लागला, कान फुटायचा का, मुलांत मिसळतो का, एकाच खेळात तासनतास अडकतो का, असं त्यांनी बरंच विचारलं. शेवटच्या प्रश्नांचा रोख माझ्या लक्षात आला आणि पोटात गोळा आला. लहान वयात आपसूक वाचायला लागलेली पण अर्थ न लागणारी काही मुलं स्वमग्न असतात, म्हणून ते विचारावंच लागतं. दादूच्या बाबतीत तसं काही दिसलं नाही. कान मात्र तीन वर्षांचा होईपर्यंत तीनदा फुटला होता. म्हणून आधी श्रवणचाचणी, मग डोळे, मग मानसतज्ज्ञ असा क्रम त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी हरवू नका, पुढे प्रत्येक जण मागतो.

श्रवणचाचणीला 700 रुपये लागले. बारीकसा आवाज आला की खुंटी भोकात घालायची, असा खेळ होता. दादूला फार आवडला. कान ठीक होते. डोळ्यांचे 300, डोळेही ठीक. मानसतज्ज्ञांसाठी आधी सरकारी रुग्णालयात गेलो. पर्ची 10 रुपयांची, पण चाचणीचा वार आठवड्यातून एकच आणि नंबर मिळाला थेट फेब्रुवारीचा. शेवटी खाजगीत 14 डिसेंबरची वेळ मिळाली. तीन बैठका, 5500 रुपये, लेखी अहवाल बारा दिवसांनी. जाताना मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, वह्या आणि शाळेचं पत्र लागतं. पत्रासाठी अर्ज करा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. माझा पहिला अर्ज शाळेच्या कार्यालयात कुठेतरी गेला आणि पोच नसल्यामुळे दहा दिवस वाया गेले.

अहवालाचा सार असा: बुद्धी वयाप्रमाणे, शब्दवाचन वयापेक्षा थोडं पुढेच, लेखन आणि गणित ठीक. शब्दसंपत्ती आणि आकलन मात्र मागे. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते हे मी वाचलं होतं, म्हणून प्रमाणपत्राचं विचारलं. मानसतज्ज्ञांनी शिफारस केली नाही. या अहवालावर ते मागता येईल असं वाटत नाही, आधी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांकडे जा, असं म्हणाल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. प्रमाणपत्र असतं तर शाळेत निदान वेळ तरी जास्त मागता आला असता.

4 जानेवारी 2025 ला त्या उपचारतज्ज्ञ मॅडमकडे पहिली तपासणी झाली. फी 1200. मॅडम मराठी होत्या, हा आमचा योग. त्यांनी एका कार्डावर हाताने चार वाक्यं लिहिली. ती मी घरी येऊन उतरवून ठेवली:

‘सुमनने छत्री दारामागे टेकवली. तिच्या ओल्या चपलांचे ठसे फरशीवर उमटले. आजीने ते पाहिले आणि न बोलता फडके आणले. सुमनने ते तिच्या हातातून घेतले.’

दादूने एकही अडखळ न घेता वाचलं. मॅडमनी कार्ड पालथं घातलं आणि म्हणाल्या, “सांग बरं मला.”

“सुमनने छत्री टेकवली. मग... फडकं.”

मला वाटलं, विसरला. मॅडमनी कार्ड पुन्हा सरळ केलं आणि त्याच्या हातात दिलं. “आता बघून सांग. बाहेर काय चाललं होतं?”

त्याने कार्ड वरपासून खालपर्यंत पाहिलं. “बाहेरचं काही लिहिलं नाहीये.”

“पाऊस होता का?”

“पाऊस लिहिला नाहीये.”

“‘ते’ म्हणजे काय? आजीने काय पाहिलं?”

“फडकं.”

“आणि सुमनने कुणाच्या हातातून घेतलं?”

“तिच्या. सुमनच्या.”

मी तिथे बसले होते, माझ्या हातांना घाम फुटला. कार्ड हातात असताना पाऊस दिसत नाही, म्हणजे हा विसरण्याचा प्रश्न नव्हता. चार वाक्यांत दोन वेळा ‘ते’ आलंय, आधी ठसे आणि मग फडकं. दोन वेळा ‘तिच्या’ आलंय, आधी सुमन आणि मग आजी. आपण वाचताना या गाठी आपोआप सोडवतो, म्हणून त्या दिसतही नाहीत. दादूच्या डोक्यात त्या सुटतच नव्हत्या. छत्री, चपला, ठसे, फडकं अशा सुट्या वस्तू त्याच्या हाती लागत, पण घर, पाऊस आणि त्या दोघी असं चित्र उभं राहत नसे. मग सांगायचं तरी काय?

त्यानंतर मॅडमनी तशीच दुसरी गोष्ट स्वतः वाचून दाखवली. दादूने फक्त ऐकायची. सांगताना अवस्था तीच. हिंदीतल्या गोष्टीचंही तसंच. मॅडम म्हणाल्या, आज सगळ्यात महत्त्वाचं हेच कळलं. ऐकून सांगता येत असतं आणि वाचून येत नसतं, तर वाचनावर काम केलं असतं. मराठीत येत असतं आणि फक्त हिंदी-इंग्रजीत अडत असता, तर त्या भाषांचा सराव कमी पडतोय असं म्हटलं असतं. इथे घरच्या भाषेत, नुसतं ऐकूनही अडतोय. म्हणजे दुखणं अक्षरांच्या खाली, भाषेत आहे.

त्यांनी एक समीकरण सांगितलं, ते माझ्या डोक्यात बसलंय. गफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये मांडलेलं: वाचून कळणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा कळणं. बेरीज नाही, गुणाकार. एक आकडा फार लहान असला की दुसरा कितीही वाढवा, उत्तर लहानच राहणार. दहा वेळा मोठ्याने वाचून घेताना मी जो आकडा आधीच मोठा होता तोच वाढवत बसले होते.

घरी ही तपासणी आधीच करता आली असती, याची चुटपुट मला अजून आहे. चार-पाच वाक्यांची नवी गोष्ट, त्यात एक गोष्ट न लिहिलेली पण कळावी अशी. आधी त्याने वाचून सांगायची, मग तसलीच दुसरी आपण वाचून दाखवून त्याला सांगायला लावायची, आणि दोन्हीनंतर पुस्तक उघडं ठेवून प्रश्न विचारायचे. पंधरा मिनिटांचं काम. निदान होत नाही, पण कोणत्या दारात जायचं ते कळतं.

काम 11 जानेवारीला सुरू झालं. शनिवारी मॅडमकडे, 600 रुपये बैठक, आणि आठवड्यात दोनदा घरी अर्धा-अर्धा तास. हे प्रमाण त्यांनी इंग्लंडमधल्या यॉर्कच्या एका अभ्यासावरून धरलं होतं. तिथे अशाच आठ-नऊ वर्षांच्या मुलांना 20 आठवडे, आठवड्यातून तीनदा अर्धा तास शिकवलं होतं. एका गटाला मजकुरावर काम, एकाला नुसतं तोंडी भाषेचं, एकाला दोन्ही. तिन्ही गट सुधारले, पण पुढच्या वर्षी तपासलं तेव्हा तोंडी भाषेचा गट सगळ्यात पुढे होता. म्हणून पहिला महिनाभर पुस्तक बंद. मला हे पचायला जड गेलं. मार्चमध्ये वार्षिक परीक्षा आणि आम्ही पुस्तक मिटून गोष्टी सांगतोय!

त्या महिन्यात स्वयंपाकाच्या ओट्यावर खेळ चालायचा. बाटलीचं झाकण म्हणजे सुमन, वाटी म्हणजे आजी, पोळपाटाची कड म्हणजे दार. मी वाक्य सांगायचे आणि दादू ते वस्तूंनी करून दाखवायचा. “सुमनने ते तिच्या हातातून घेतले” म्हटलं की झाकणाने वाटीकडून चिंधी घ्यायची. पहिल्या दिवशी झाकणाने झाकणाकडूनच घेतली. मी चूक सांगितली नाही. मॅडमनी बजावलं होतं, फक्त विचारायचं, “चिंधी आत्ता कुणाकडे आहे?” त्याने पाहिलं, चिंधी वाटीखाली होती. थांबला आणि मग झाकण वाटीकडे सरकवलं. “अच्छा, आजीच्या!” असं तो म्हणाला, ती तारीख मी लिहून ठेवलीय, 23 जानेवारी.

फेब्रुवारीत पुस्तक परत आलं, पण दोन-दोन वाक्यांचं. ‘तो, ती, ते, त्याला’ दिसलं की पेन्सिलीने त्या माणसापर्यंत बाण काढायचा. आणि “समजलं का?” हा प्रश्न घरातून हद्दपार. त्याचं उत्तर दादूकडे नेहमी “हो” असायचं आणि ते खोटंही नसायचं, कारण न समजणं म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याऐवजी विचारायचं, “कशावरून?” पाऊस होता, कशावरून? छत्रीवरून. छत्री तर उन्हातही घेतात, मग कशावरून? चपला ओल्या होत्या. इथपर्यंत यायला आम्हाला तीन आठवडे लागले. नवऱ्याला हे “कशावरून” इतकं आवडलं की मी मीठ जास्त पडलंय म्हटलं तरी “कशावरून?” असं यायला लागलं, ते वेगळं.

कधी मी गोष्टीत मुद्दाम एक खोटं वाक्य घुसवायचे. चपला ओल्या असं सांगून पुढे ‘कोरड्या चपला घालून सुमन आत आली’. सुरुवातीला दादू ते शांतपणे गिळायचा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पहिल्यांदा ओरडला, “ए, चुकलीस!” मॅडम म्हणाल्या, मार्कांपेक्षा याच्याकडे लक्ष ठेवा. अडलोय हे ज्याला कळतं, तोच मागे जाऊन पुन्हा वाचतो.

सांगण्याच्या बाबतीत एक फसगत झाली, ती नीट लिहिते, कारण बऱ्याच घरी होईल. फेब्रुवारीअखेर दादू गोष्टी लांब सांगायला लागला. मी खूश. मॅडमनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, “आता हेच आजीच्या बाजूने सांग. मी आजी, मला काय दिसलं?” दादू गप्प. तो शब्दन् शब्द पाठ म्हणत होता. पाठ केलेली गोष्ट दुसऱ्याच्या बाजूने सांगता येत नाही, उलट क्रमाने सांगता येत नाही, थोडक्यात सांगता येत नाही. तेव्हापासून मी लांबी मोजणं सोडलं आणि “आता दोन वाक्यांत सांग” असं म्हणायला लागले. ते त्याला लांब सांगण्यापेक्षा कितीतरी कठीण गेलं.

दुसरी चूक माझीच. मी शेजारी बसून “मग? मग काय झालं? आणि आजी काय म्हणाली?” असं सतत टोचत असे. निम्मी गोष्ट मीच सांगायचे, तो फक्त रिकाम्या जागा भरायचा. शिवाय ज्याने आत्ताच तीच गोष्ट वाचलीय त्याला ती परत सांगायची, हे मुलाच्या दृष्टीने निरर्थकच. “तुला माहीत आहे ना?” असं तो म्हणायचा, आणि बरोबर म्हणायचा. मॅडमनी ऐकणारं माणूस बदललं. गोष्ट आजीला सांगायची, कारण आजीला ती ठाऊक नाही. मी दुसऱ्या खोलीत.

सासूबाईंनी यात फार कमाल केली, आणि तीही काही न शिकता. त्यांना कळलं नाही की त्या सरळ म्हणायच्या, “कोण गेला? मला नाव नाही सांगितलंस.” “अरे, पण तो रागावला कशाला?” लाड करून समजून घेणं त्यांच्या स्वभावातच नाही. दादू चिडायचा, पाय आपटायचा आणि मग नाव सांगायचा.

19 मार्चला रंगपंचमी होती. काका त्याला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहायला घेऊन गेला. आजी गुडघ्यांमुळे घरीच. दुपारी दादू रंगाने माखलेला आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. “आम्ही आधी गाडी लांब लावली, कारण पोलिसांनी रस्ता बंद केला होता. मग एका टँकरमधून इतकं पाणी उडालं ना, की काकाचा चष्मा पडला. काका खाली वाकला, तर लोकांना वाटलं तो पडला. म्हणून त्यांनी त्याला उचललं!” आजी हसून हसून डोळे पुसायला पदर शोधत होती. मी दारात उभी होते आणि ‘कारण’ आणि ‘म्हणून’ मोजत होते. सहा महिन्यांपूर्वी नुसतं “खूप लाइट” होतं.

वार्षिक परीक्षेत हिंदीच्या अपठितात दहापैकी पाच मिळाले. शिकवणीतल्या आठपेक्षा कमी, पण हे पाच त्याचे होते, एकही वाक्य उतरवलेलं नव्हतं. 24 मेपर्यंत 18 बैठका झाल्या, दोन शनिवार तापामुळे बुडाले. तपासण्या धरून सगळा खर्च सुमारे 18,500 रुपये. त्यात शिकवणीचे 3000 धरलेले नाहीत. शाळेला मॅडमनी एक पानाचं पत्र दिलं: प्रश्न तोंडी एकदा वाचून दाखवावेत, मोठा उतारा दोन तुकड्यांत द्यावा. वर्गबाईंनी आपणहून ऐकलं, बंधन काही नव्हतं. एप्रिलमध्ये चौथीला नव्या बाई आल्या, त्यांना तेच पत्र पुन्हा नेऊन दिलं. झेरॉक्स जवळ ठेवाव्यात.

पूर्ण झालंय असं नाही. पर्यावरणाच्या धड्यांत गोष्ट नसते, तिथे झाकण-वाटी चालत नाही आणि दादू परत सुटे शब्द गोळा करतो. इंग्रजीत मागेच आहे, त्यावर मॅडम डिसेंबरच्या तपासणीनंतर बघू म्हणाल्या. शब्दांचं काम तर चालूच राहणार. ‘न बोलता’ म्हणजे रागाने की प्रेमाने, यावर आमची अजून भांडणं होतात आणि खरं तर त्या कार्डावरून ते ठरतही नाही.

परवा हिंदीचा धडा सांगत होता. “मग तो त्याच्या घरी गेला आणि त्याने त्याला दिलं.”

“कोण रे? कुणाला?” आजी.

“अगं, आत्ताच तर सांगितलं!”

सांगितलं नव्हतं. त्याने पुस्तक उघडलं, बोट ठेवून मागच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या आणि म्हणाला, “थांब, मलाच बघू दे.”